शून्यापेक्षा जास्त

पस्तीस वर्षं अमरावतीच्या एका शाळेत मी गणित शिकवलं. नोकरी संपली, खोड राहिली. प्रश्न विचारला की मला उत्तर हवं असतं, आणि आकडा विचारला तर आकडाच. "किती कुंड्या आहेत?" या प्रश्नावर कोणी "लय आहेत" म्हटलं की माझा हात अजूनही लाल पेनकडे जातो.

म्हणूनच आमच्या क्लबाच्या पाहणीचं काम माझ्या गळ्यात पडलं असावं. गच्चीवर बाग करणाऱ्यांचा हा क्लब. साठेक सभासद, निम्मे अमरावतीचे, निम्मे अकोल्याचे. दर पावसाळ्यात एक मेळावा होतो. जो तो आपल्या झाडांच्या फांद्या, बिया, रोपं घेऊन येतो आणि दुसऱ्याची घेऊन जातो. कोण काय आणणार हे आधी कळावं म्हणून मेळाव्याआधी सगळ्यांना मोबाइलवर एक फॉर्म पाठवतात. तो ऑनलाइन फुकटात तयार होतो, आणि फुकटात असल्यामुळे आमच्या क्लबाला फार आवडतो.

गेल्या वर्षी फॉर्म दुसऱ्या कोणीतरी केला होता आणि त्याला कसलेच नियम नव्हते. त्याची उत्तरं मी पाहिली तेव्हा माझा रक्तदाब वाढला होता. कुंड्यांच्या रकान्यात "वीस-पंचवीस" होतं, "गॅलरीतल्या धरून का?" असा उलटा प्रश्न होता, "मोजल्या नाही, येऊन पाहा" असं आमंत्रण होतं, आणि एका गृहस्थांनी लिहिलं होतं, "मिसेसला विचारा." मोबाइल नंबरच्या जागी एकाने "तोच जुना" असं लिहिलं होतं. चार फॉर्मवर तर नावच नव्हतं. त्यातल्या एकाने अडेनियमची बारा रोपं आणतो म्हणून कबूल केलं होतं. तो दानशूर कोण, हे आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.

"यंदा फॉर्म मी करणार," असं मी सभेत जाहीर केलं. कोणी विरोध केला नाही. मी काही ठरवलं की कोणी करत नाही.

दोन दुपारी बसून मी ते तंत्र शिकले. प्रत्येक प्रश्नाच्या खाली उजवीकडे 'रिक्वायर्ड' नावाचं एक बटण असतं. ते सरकवलं की प्रश्नासमोर लाल चांदणी येते आणि उत्तर दिल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. त्याच्याच शेजारी तीन टिंबं असतात. ती दाबली की 'रिस्पॉन्स व्हॅलिडेशन' निघतं, म्हणजे उत्तर कसं असलं तर घ्यायचं याचा नियम. आकडाच हवा, अमुकपेक्षा मोठा हवा, इतकीच अक्षरं हवीत, असं काय काय तिथे सांगता येतं. एक बारीक गोष्ट मला नंतर कळली. नुसता नियम लावला आणि बटण सरकवलं नाही, तर माणूस रकाना रिकामा ठेवून निघून जाऊ शकतो. नियम फक्त लिहिलेल्याला तपासतो. म्हणून मी दोन्ही लावले. नाव, मोबाइल, कुंड्या, फांद्या, चारही प्रश्नांवर चांदणी. शेवटचा 'आणखी काही सांगायचं असल्यास' एवढाच प्रश्न मोकळा सोडला, कारण तिथे कोणी काही लिहीत नाही.

कुंड्यांचा प्रश्न मी नेमका केला: 'उन्हाळ्यातून जगलेल्या कुंड्या किती?' नियम: आकडा, शून्यापेक्षा जास्त. फांद्यांच्या प्रश्नाला झाडांची यादी दिली आणि निदान एका चौकटीत खूण केलीच पाहिजे असं बजावलं. मोबाइलला दहा आकड्यांचा सूत्रबद्ध नियम लावला.

आणि मग मला ती जागा सापडली. उत्तर चुकलं तर खाली लाल अक्षरात काय दिसावं, हे आपल्याला लिहिता येतं. आपण काही लिहिलं नाही तर फॉर्म आपला इंग्रजीत रुक्षपणे सांगतो. ते मला कसं पटावं? पस्तीस वर्षं वह्यांवर शेरे मारलेला हात आहे हा. मोबाइलखाली मी लिहिलं, "दहा आकडे. नऊ नाही, अकरा नाही. मोजा." फांद्यांच्या खाली, "घ्यायले पुढं, द्यायले मागं? एक तरी निवडा." आणि कुंड्यांच्या खाली, "कुंडीच नाही, तं मेळाव्यात काय चहा प्यायले येता?"

हे शेवटचं मला इतकं आवडलं की मी एकटीच हसले. आमचे हे आतून म्हणाले, "कोणावर?" मी म्हटलं, "कोणावर नाही. चुकणाऱ्यांवर."

लिंक पाठवली आणि पहिला फोन आला तो आमच्या क्लबातल्या मराठीच्या निवृत्त सरांचा. त्यांचा मोबाइल नंबर फॉर्म घेत नव्हता. दहाच आकडे आहेत, तीनदा मोजले, म्हणाले. शेवटी कळलं की ते देवनागरीत आकडे टाकत होते आणि माझ्या सूत्रात फक्त इंग्रजी आकड्यांना प्रवेश होता.

"बाई, मराठी माणसाच्या क्लबात मराठी आकडा चालत नाही?" ते म्हणाले. "काहून?"

मी सूत्रात दोन्ही आकडे बसवले आणि त्यांचा नंबर गेला. हा इशारा मात्र मला तेव्हाच समजायला हवा होता. सर तापट, म्हणून त्यांनी फोन केला. जे तापट नसतात ते फोन करत नाहीत.

आठवड्यात अडतीस उत्तरं आली. सुंदर उत्तरं! सगळी नावं, सगळे दहा आकडे, सगळ्या कुंड्या आकड्यांत. कोणाच्या तीस, कोणाच्या बारा. बऱ्याच जणांच्या एक. एवढ्या एक-एक कुंड्या पाहून मला थोडं नवल वाटलं, पण एक म्हणजे आकडा होता, आणि शून्यापेक्षा जास्त होता. मी समाधानी होते. राहिलेल्या बावीस जणांना मी क्लबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जागं केलं. "झोपले का? दोन मिनिटांचं काम आहे. आळशी लोकांना फांद्या मिळणार नाहीत."

त्या संध्याकाळी ग्रुपवर एक राखाडी ओळ आली. अकोल्याच्या ताईंनी ग्रुप सोडला होता.

ताईंबद्दल सांगायला हवं. क्लब सुरू झाला तो त्यांच्या गच्चीवर. मी अकोल्याला एकदा पेपर तपासायला गेले होते तेव्हा त्यांच्याकडे उतरले आणि परत येताना माझ्या पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली अनंताची फांदी होती. माझ्या बागेतलं ते पहिलं झाड. क्लबातल्या निम्म्या लोकांची गोष्ट अशीच आहे. ताई फांदी देताना कधी विचारत नसत की तुमच्याकडे काय आहे. त्या ग्रुपवर फार लिहीत नसत, पण कोणी पिवळ्या पानाचा फोटो टाकला की दोन शब्द यायचे: "पाणी कमी." किंवा, "पाणी जास्त." एवढ्यावर आमची झाडं जगत होती.

मी फोन लावला. त्यांनी उचलला, पण आवाज सपाट होता.

"ताई, ग्रुप काहून सोडला?"

"मी काहून राहू तिथं? तुहा फॉर्म तं मले नाही म्हणून राहिला."

"फॉर्म कसा नाही म्हणेल?"

"लिहून राहिला ना लाल अक्षरात. जाऊ दे वं. आता माहं तिथं काही काम नाही. मेळाव्यालेही येत नाही मी." आणि त्यांनी फोन ठेवला.

मी फॉर्म उघडून माझंच वाक्य पुन्हा वाचलं. या वेळी हसू आलं नाही. ताईंनी काय लिहिलं असेल ते मला कळलं, पण खरं वाटेना. चाळीसच्या वर कुंड्यांची गच्ची ती. मेळाव्याला पाच दिवस होते. सकाळची बस पकडून मी अकोल्याला गेले. घरी सांगितलं की मेळाव्याचा तिथला हॉल पाहायला जाते.

दार ताईंच्या यजमानांनी उघडलं. हातात वॉकर होता. मी पाहतच राहिले.

"या," ते म्हणाले. "फॉर्मवाल्या बाई ना तुमी? मीबी भरला असता, पण मोजायले माह्यापाशी आता पायातला एक खिळा आहे, झाड नाही."

मार्चच्या शेवटी ते बाथरूममध्ये पडले होते. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, मग दोन महिने अंथरुणावर. अकोल्यातला उन्हाळा मी वेगळा सांगत नाही. नळ कधी चार दिवसांनी, कधी आठ दिवसांनी. जे पाणी यायचं ते चादरी धुण्यात आणि यजमानांना पुसण्यात जायचं.

"आम्हाला सांगितलं का नाही?" मी ताईंना विचारलं.

"सांगून काय पाणी येते?"

आम्ही गच्चीवर गेलो. कुंड्या नव्हत्याच. वाळलेली झाडं डोळ्यांसमोर नकोत म्हणून ताईंनी माती एका कोपऱ्यात ओतून कुंड्या एकात एक घालून रचून ठेवल्या होत्या. गच्ची झाडून स्वच्छ होती. मधोमध एकच कुंडी होती, तुळशीची. हिरवीगार.

मला एकदम मार्ग सापडला. गणिताच्या बाईंना नेहमी सापडतो. "ताई, ही आहे ना एक! एक लिहा. फॉर्म जाईल."

ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वर्गात उशिरा आलेली मुलगी झाले.

"तुळस काय मोजतेस? तुळस कोणी बागेत मोजते का वं? ती घराची आहे. कोणाले देऊ मी तिची फांदी मेळाव्यात? बागेतलं एकही नाही जगलं. तुह्या फॉर्मात विचारलं तेच खरं लिहिलं मी. शून्य. तं तो म्हणते, चहा प्यायले येता काय?"

"ते मी लिहिलं," मी म्हणाले. "फॉर्मने नाही."

"माहीत आहे मले. तुह्याशिवाय कोण असं लिहिते?"

मग त्यांनी जे सांगितलं ते मला अजून टोचतं. शून्य घेतलं नाही म्हणून त्यांनी रकाना मोकळा सोडून पाहिला. तर चांदणी आडवी आली. नियम एकटा असता तर त्या रिकामा रकाना ठेवून गेल्या असत्या. चांदणी एकटी असती तर शून्य लिहून गेल्या असत्या. दोन्ही दारं मीच लावली होती आणि वर दारावर विनोद लिहिला होता.

मी तिथेच गच्चीच्या कठड्याला टेकून मोबाइलवर फॉर्म उघडला, तीन टिंबं, नियम. 'शून्यापेक्षा जास्त' काढून 'शून्याइतका किंवा जास्त' केलं. लाल वाक्य पुसलं आणि लिहिलं, "आकडा लिहा. शून्यही चालतो." ताई पाठीमागून चष्म्यातून पाहत होत्या.

"आता भरा," मी त्यांचा मोबाइल त्यांच्या हातात दिला. लिंक पुन्हा नव्याने उघडायला सांगितली. त्यांनी नाव टाकलं, नंबर टाकला, शून्य टाकला. लाल अक्षरं आली नाहीत. मी सुटकेचा श्वास घेतला आणि तेवढ्यात ताई म्हणाल्या, "हे काय? घ्यायले पुढं, द्यायले मागं?"

फांद्यांचा प्रश्न मी विसरलेच होते. तिथेही काहीतरी द्यायलाच लावणारा नियम होता. खाली बसलेल्या यजमानांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ताई हसल्या. दोन महिन्यांनी हसल्या असाव्यात, कारण खालून यजमानांनी विचारलं, "काय झालं वं?"

"काही नाही. बाईनं अजून एक दार लावून ठेवलं होतं."

तेही उघडलं. यादीत शेवटी एक चौकट वाढवली: 'यंदा द्यायला नाही, घ्यायला येते/येतो.' शेराही पुसला. ताईंनी त्या चौकटीवर खूण करण्याआधी बराच वेळ बोट वर धरलं होतं. इतकी वर्षं देणारा हात तो. मला वाटलं आता मोबाइल बंद करतील. मग त्यांनी खूण केली, आणि शेवटच्या मोकळ्या रकान्यात, जिथे कोणी काही लिहीत नाही, तिथे सावकाश काहीतरी टाइप केलं. फॉर्म गेला.

बसमध्ये बसल्यावर मी ते वाचलं. "फॉर्म बरा आहे. करणारीचं तोंड जरा सुधारा."

मूर्तिजापूर यायच्या आत मी ग्रुपवर लिहिलं. ताईंची परवानगी घेतली होती. लिहिलं की फॉर्ममध्ये माझी चूक झाली, शून्य घेत नव्हता, आता घेतो. ज्यांना आळशी म्हणाले त्यांची माफी मागते. ज्यांची उत्तरं गेली आहेत त्यांना बदलायची असतील तर बदलता येतील, ती सोय मी आधीच चालू ठेवली होती. आणि ताईंना परत ग्रुपमध्ये घेतलं.

अमरावतीच्या स्टँडवर उतरले तेव्हा नऊ नवी उत्तरं होती. पाच शून्य. दुसऱ्या दिवशी आणखी अकरा, त्यात आठ शून्य. ज्यांना मी झोपलेले समजत होते त्यांतले बरेच लाल अक्षरांपाशी येऊन मुकाट्याने परत गेले होते, आणि परत गेलेल्यांची कुठेच नोंद होत नाही. गेलेल्या उत्तराचीच ओळ दिसते. पस्तीस वर्षं शिकवलं, पण वर्गाच्या दाराशी येऊन परत जाणारी मुलं किती, हे मी कधी मोजलं नव्हतं.

मग एक-एक कुंडीवाले हलू लागले. अकोल्याच्या एका बाईंनी उत्तर बदलून शून्य केलं आणि मला वेगळा मेसेज पाठवला: "ती एक तुळस होती. फॉर्म जाईना म्हणून तिले मोजलं. मनाले लागून राहिलं होतं." असे सात जण निघाले. सातही जणांनी माझ्या नियमापायी तुळस मोजली होती. आमचे मराठीचे सर त्यातलेच एक. त्यांनी शून्य मात्र देवनागरीत टाकून पाहिलं, ते कुंड्यांच्या रकान्याने घेतलं नाही, आणि त्यांनी पुन्हा मला फोन केला.

त्या संध्याकाळी मी माझ्या गच्चीवर गेले. माझ्या नावापुढे सव्वीस होते. मी मोजायला लागले. ज्या कुंड्यांत नुसत्या काड्या होत्या पण 'पावसात फुटतील' म्हणून मी धरल्या होत्या, त्या सोडल्या. तुळस सोडली. अकरा उरल्या. कोणी पाहत नव्हतं तरी मला लाज वाटली. मी माझं उत्तर उघडलं आणि सव्वीस खोडून अकरा केले. त्या अकरांत अनंत होता. तो आता माझ्या खांद्याइतका आहे.

मेळावा झाला. हॉलच्या दाराशी टेबल मांडून मी यादीवर खुणा करत होते. गर्दी नेहमीपेक्षा थोडी बिचकलेली होती. पुष्कळांच्या पिशव्या रिकाम्या होत्या आणि रिकाम्या पिशव्या लोक पाठीमागे धरतात. चहाचं पातेलं कोपऱ्यात होतं, पण तिकडे कोणी जात नव्हतं. माझं वाक्य सगळ्यांनी वाचलेलं होतं.

ताई आल्या. एका हाताने यजमानांचा दंड धरलेला, दुसरा हात मोकळा. पिशवीसुद्धा नाही. दारातच थांबल्या आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाल्या, "लिही बाई. कुंडी नाही. चहा प्यायले आली."

मराठीचे सर उठले. "आमीबी," म्हणाले, आणि पेला घ्यायला निघाले. त्यांच्या मागून ती तुळसवाली बाई. मग सगळेच. माझे डोळे भरून आले ते मी यादीत तोंड घालून लपवले. चहा दोनदा करावा लागला.

जाताना मी ताईंना ओल्या फडक्यात गुंडाळलेली अनंताची फांदी दिली. त्यांच्याच झाडाची. त्यांनी फडकं उघडलं, देठ पाहिला, पान उलटं करून पाहिलं.

"याले पाणी जास्त घालून राहिली तू," त्या म्हणाल्या, आणि फांदी नीट गुंडाळून घेतली.